'मॅनेजरला फोन द्या!'



आमच्या अख्ख्या खानदानात एक गोष्ट आता वेदवाक्य होऊन बसली आहे. कस्टमर केअरला फोन लावला की पहिल्या पोराशी बोलण्यात वेळ घालवायचा नाही. आवाज चढवायचा आणि म्हणायचं, "तुझ्या मॅनेजरला फोन दे." आत्याचे वायफायचे पैसे असे परत मिळाले, मामाचं क्रेडिट कार्डावरचं वार्षिक शुल्क असंच माफ झालं, आणि धाकट्या दिरांनी तर लग्नाच्या पंगतीत या विषयावर पंधरा मिनिटांचं व्याख्यान दिलं. ऐकणाऱ्यांत मीही होते. मी काय काम करते हे त्यांना नक्की ठाऊक आहे, पण 'बँकेत आहे' असं समजून त्यांनी मला वगळलं असावं.

मी बँकेत नाही. एका खासगी बँकेचे फोन घेणाऱ्या पुण्यातल्या कॉल सेंटरमध्ये मी टीम लीडर आहे. म्हणजे 'मॅनेजरला दे' म्हटल्यावर तुमच्या कानावर जो दुसरा आवाज येतो, तो माझा. माझ्या टीममध्ये चौदा मुलंमुली आहेत, मराठी आणि हिंदी दोन्ही रांगा आम्ही घेतो. बँकेचं नाव विचारू नका, सांगणार नाही. आणि हे एकाच बँकेचं आहे असंही समजू नका.

तर मंडळी, तुमचं म्हणणं बरोबर आहे. आवाज चढवला की काम होतं. मला राग तुमचा नाही, तुमचं म्हणणं खरं ठरतं याचा आहे. ते आपोआप खरं ठरत नाही, कोणीतरी टेबलावर बसून, आकडे ठरवून, ते तसं घडवून आणलेलं असतं.

आधी 'सुप कॉल' म्हणजे काय ते सांगते. सुपरवायझरकडे गेलेल्या कॉलला फ्लोअरवर सगळे सुप कॉल म्हणतात. एजंटला शिकवलेलं असतं की गिऱ्हाइकाने मॅनेजर मागितला तर पहिल्यांदा म्हणायचं, "सर, मीच आपली मदत करू शकतो." दुसऱ्यांदा मागितला तर म्हणायचं, "सर, माझे वरिष्ठही आपल्याला हीच माहिती देतील." तिसऱ्यांदा मागितला तर होल्डवर टाकून हात वर करायचा. हे ट्रेनिंगमध्ये 'डी-एस्कलेशन' या नावाखाली येतं. आता तुम्हीच सांगा, जो माणूस दोनदा नकार ऐकून गप्प बसतो त्याने आणि जो तिसऱ्यांदा ओरडतो त्याने यातून काय शिकायचं? आपण गिऱ्हाइकांना तीनदा ओरडायची तालीम देतोय, आणि मग त्यांच्या ओरडण्यावर वर्कशॉप घेतोय.

एजंट तरी एवढं ताणून का धरतो? कारण त्याच्या महिन्याच्या गुणपत्रिकेत एक रकाना असतो, शंभर कॉल्समागे किती सुप कॉल गेले त्याचा. तो आकडा वाढला की इन्सेंटिव्ह कापला जातो. दुसरा रकाना कॉलच्या सरासरी वेळेचा. आमच्याकडे पाच मिनिटं. तिसरा क्वालिटीचा, ज्यात 'सहानुभूतीचं वाक्य वापरलं का' यालाही गुण आहेत. (ते वाक्य मराठीत कसं आहे ऐका: "आपल्याला झालेल्या असुविधेसाठी आम्ही क्षमस्व आहोत." असुविधा! घरात कोणाच्या पायावर पाय पडला तर असं म्हणतं का कोणी? हिंदीवरून कोणीतरी घाईत उतरवलेलं हे वाक्य आमची मुलं दिवसात साठ वेळा म्हणतात, आणि 'अहो, फारच त्रास झाला तुम्हाला' असं साधं बोललेल्या मुलीचे गुण कापले जातात. असो.)

म्हणजे पोराने फोन लवकर माझ्याकडे दिला तर एक रकाना बिघडतो, ताणून धरला तर दुसरा. मग मधला मार्ग निघतो. 'मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत, चोवीस तासांत कॉल येईल' हा त्यातला एक. तो कॉल येतोच असं नाही. आणि दुसरा, ज्याबद्दल आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असून कोणी लिहीत नाही, तो म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा मित्र. होल्डवर टाकायचं, शेजाऱ्याला खूण करायची, तो जरा जाड आवाज काढून म्हणतो, "येस, सुपरवायझर बोलतोय." मग तेच उत्तर, त्याच शब्दांत. रकाना साफ, गिऱ्हाईक थकून गप्प. ही सरळ सरळ फसवणूक आहे. माझ्या टीममध्ये याला पहिल्या दिवसापासून बंदी आहे, पण बाजूच्या टीममध्ये काय चालतं ते मला भिंतीशिवाय ऐकू येतंच.

आता एक कॉल सविस्तर सांगते, म्हणजे माझा राग कुठून येतो ते कळेल. माणूस ओळखू येऊ नये म्हणून गाव आणि आकडे थोडे बदलले आहेत, हिशेब मात्र तोच आहे.

नाशिककडचे एक गृहस्थ, वय साठीच्या पुढे. तीन तारखेला त्यांनी दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून दहा हजार काढायला घेतले. मशीन घरघरलं, नोटा आल्या नाहीत, मेसेज मात्र आला की खात्यातून दहा हजार वजा. त्याच दिवशी त्यांनी तक्रार नोंदवली. खात्यात आधी १२,४०० होते, उरले २,४००. दहा तारखेला मुलाच्या गाडीचा ४,८५० चा हप्ता खात्यावर आला आणि पुरेशी शिल्लक नाही म्हणून परत गेला. बँकेने त्याचे ५०० अधिक जीएसटी असे ५९० रुपये कापले. पंधरा तारखेला दहा हजार खात्यात परत आले आणि तक्रार 'निकाली' म्हणून बंद झाली. सतरा तारखेला त्यांनी फोन लावला.

मागणी अगदी साधी होती. पैसे तुमच्याकडे अडकले होते, म्हणून हप्ता चुकला, तर ते ५९० परत द्या.

फोन घेणारा मुलगा हुशार आहे, आठ महिन्यांचा अनुभव. त्याच्या स्क्रीनवर काय दिसतं? तक्रार, शेरा 'रक्कम जमा, बंद'. चार्ज, शेरा 'सिस्टिमने लावलेला'. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे स्क्रीन सांगत नाही, ते तारखा जुळवून माणसाने काढायचं असतं. आणि समजा काढलं, तरी पुढे काय? चार्ज परत करायचा त्याचा अधिकार २०० रुपयांपर्यंत. ५९० त्याच्या हाताबाहेर. मग तो काय म्हणणार? "सर, चार्ज नियमाप्रमाणे लागला आहे." हे वाक्य खोटं नाही, पण समोरच्याच्या डोक्यात तिडीक जाईल असं आहे. काकांनी तीनदा समजावलं, चौथ्यांदा आवाज चढला, पाचव्यांदा 'मॅनेजरला द्या' आलं, आणि आमच्या नियमाप्रमाणे ते आणखी दोनदा म्हणावं लागलं. मुलाने हात वर केला तेव्हा कॉल बावीस मिनिटांवर होता.

आता सुप कॉल कसा घ्यायचा. यावर आमच्याकडे चाळीस स्लाइड्स आहेत, त्यातली एकच गोष्ट माझ्या मते कामाची, आणि ती शेवटच्या स्लाइडवर आहे: गिऱ्हाइकाला गोष्ट पुन्हा सांगायला लावू नका.

मी हेडसेट घालण्याआधी एजंटकडून तीनच गोष्टी विचारते. काय झालं, त्यांना काय हवंय, आणि तू आत्तापर्यंत काय काय नाही म्हणालास. तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण मी जे पुढे बोलणार ते त्याच्या नकाराला कुठे तरी छेद देणार असतं, आणि ते पोराला तोंडघशी न पाडता बोलायचं असतं. मग मी स्वतः स्क्रीनवर तारखा बघते. याला साधारण मिनिटभर लागतं. तेवढा वेळ एजंट होल्डवरून परत येऊन सांगतो की मॅडम तुमचंच खातं बघताहेत. दोन मिनिटांच्या वर होल्डवर ठेवलेला माणूस पुन्हा पहिल्यापासून तापतो. शिवाय खात्याची पडताळणी आधी झालेली असेल तर पुन्हा जन्मतारीख विचारायची नाही. चिडलेल्या माणसाला त्याची जन्मतारीख दुसऱ्यांदा विचारून बघा कधी.

फोन घेतल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "तुम्ही मॅनेजर आहात का? का त्याच्याच शेजारची कोणी?"

बघा, लोकांना सगळं कळतं.

मी म्हटलं, "नाही काका, मी मॅनेजर नाही. या मुलाची टीम लीडर आहे. मॅनेजर माझ्या वर आहेत, पण तुमच्या खात्याचं जे काही करता येईल ते माझ्याच हातात आहे. मला काय समजलंय ते सांगते, चुकलं तर थांबवा. तीन तारखेला दहा हजार अडकले, ते पंधराला आले. मध्ये दहा तारखेचा हप्ता त्यामुळे परत गेला आणि ५९० कापले गेले."

थोडा वेळ शांतता. मग, "हो... अहो, एवढंच तर सांगतोय मी मघापासून."

आवाज तिथेच निम्म्यावर आला. मी काहीही दिलेलं नव्हतं अजून. कोणी तरी आपलं म्हणणं नीट परत बोलून दाखवलं एवढंच झालं होतं. 'कृपया शांत व्हा' हे शब्द मी कधीच वापरत नाही. ते ऐकून शांत झालेला माणूस मला अजून भेटायचाय.

मॅनेजरबद्दल जे मी त्यांना सांगितलं ते खरं आहे, आणि ते तुम्हालाही सांगते. आमचे मॅनेजर रोस्टर बघतात, हजेरी बघतात, क्लायंटच्या मीटिंगा करतात. खात्याच्या स्क्रीनवर त्यांनी शेवटचं लॉगिन कधी केलं हे त्यांनाही आठवणार नाही. त्यांना फोन दिला तर ते म्यूट करून मलाच विचारतात. तेव्हा 'मॅनेजरच्या मॅनेजरला द्या' म्हणून तुम्ही जसजसे वर चढता, तसतसा तुमच्या खात्याबद्दल कमी माहिती असलेला माणूस तुम्हाला मिळत जातो.

५९० रुपये मी त्याच कॉलवर परत केले. माझा अधिकार १,००० पर्यंतचा, दोन क्लिक, कारण लिहिलं, झालं. गाडीच्या फायनान्स कंपनीने लावलेला दंड वेगळा होता. तो माझ्या हातात नाही हे मी स्पष्ट सांगितलं, आणि एटीएमचा व्यवहार कधी फसला व पैसे कधी परत आले याचं बँकेचं लेखी पत्र मागवून दिलं, म्हणजे तिकडे दाखवता येईल. मुद्दाम सांगते, 'बघते, प्रयत्न करते' यापेक्षा 'हे माझ्याकडून होणार नाही' हे लोक जास्त शांतपणे ऐकतात. मात्र ते होणाऱ्या गोष्टीनंतर सांगायला हवं, आधी नाही.

काका खूश झाले. आशीर्वाद वगैरे दिले. इथे कॉल संपवला असता तर तो ट्रेनिंगमध्ये नमुना म्हणून वाजवला गेला असता.

पण एक गोष्ट राहिली होती, जी त्यांनी मागितलीच नव्हती, कारण त्यांना माहीत नव्हती. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं एक परिपत्रक आहे. एटीएमने पैसे दिले नाहीत आणि खात्यातून वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांच्या आत ते परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई खातेदाराला द्यायची. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की ही भरपाई गिऱ्हाइकाने तक्रार करण्याची वाट न बघता, बँकेने आपणहून द्यायची. काकांची मुदत आठ तारखेला संपली. पैसे आले पंधराला. सात दिवस, ७०० रुपये. खात्यात त्यांचा मागमूस नव्हता.

आता गंमत बघा. ५९० रुपये, जे बँक 'सदिच्छा' म्हणून परत करते, ते मी दोन क्लिकमध्ये देऊ शकत होते. आणि ७०० रुपये, जे त्यांच्या हक्काचे, नियमात लिहिलेले, ते द्यायला माझ्याकडे बटणच नाही! त्यासाठी नवीन तक्रार, बॅक ऑफिसकडे, सात कामाचे दिवस. मी ती नोंदवली, त्यांना क्रमांक दिला, आणि माझ्या वहीत तारीख लिहून ठेवली, कारण सिस्टिमवर माझा भरवसा नाही. सहाव्या दिवशी ७०० जमा झाले. मी फोन करून कळवलं.

आपल्या मनाने दयाळू व्हायचं असेल तर अधिकार आहे, नियम पाळायचा असेल तर अर्ज करा, असा हा उलटा कारभार. दयेचा अधिकार आवाजाच्या प्रमाणात वाटता येतो म्हणून तो ठेवलाय, असंच म्हणावं लागतं. ओरडला त्याला दे, गप्प बसला त्याचे वाचले.

गप्प बसणारी माणसं कोण असतात ते मला महिन्याअखेरीस कळतं. टीम लीडर म्हणून मला प्रत्येक मुलाचे चार-पाच रेकॉर्ड झालेले कॉल ऐकावे लागतात. त्याच महिन्यात एक कॉल कानावर आला. एक बाई, बहुधा शाळेत शिक्षिका असाव्यात, बोलण्याच्या पद्धतीवरून वाटलं. एटीएमचंच प्रकरण, पाच हजार, परत यायला बारा दिवस लागले. त्यांनी विचारलं, "एवढा उशीर का झाला हो?" एजंटने असुविधेबद्दल क्षमस्व वगैरे म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं बेटा, मिळाले ना, ठीक आहे." कॉल तीन मिनिटं दहा सेकंद. सर्व्हेला त्यांनी पाचपैकी पाच दिले. क्वालिटीने शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. आणि त्यांचे ७०० रुपये कोणाच्याही हिशेबात नाहीत.

आमच्या सगळ्या मोजमापांत तो आदर्श कॉल होता. वेळ कमी, सुप कॉल नाही, गिऱ्हाईक समाधानी. काकांचा कॉल मात्र लाल रंगात, बावीस अधिक अकरा मिनिटं, एक एस्कलेशन, मुलाचा इन्सेंटिव्ह धोक्यात. खरं काम झालं ते लाल कॉलमध्ये, आणि नुकसान झालं ते हिरव्यात. त्या बाईंची तक्रार मी नोंदवून घेतली आणि त्यांना फोनही केला. (त्यांना आधी वाटलं मी ओटीपी मागणारी भामटी आहे. योग्यच वाटलं.) पण चौदा जणांचे चार-पाच कॉल म्हणजे महिन्याचे साठ-सत्तर. आमचा एक मुलगा तेवढे कॉल एका दिवसात घेतो. बाकीचे कोण ऐकतं?

यावर वरच्या मजल्यावरून मिळणारं उत्तर मला पाठ आहे. एजंटच्या हातात जास्त अधिकार दिला तर तो पैसे वाटत सुटेल. या बोलण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. सर्व्हेचे गुण मिळावेत म्हणून कारण नसताना चार्ज परत करणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि मित्राच्या खात्यावरचे चार्ज परत करून नोकरी घालवलेला एकही पाहिलाय. पण तो पकडला कसा गेला? रोज रात्री निघणाऱ्या रिव्हर्सलच्या यादीतून. ती यादी आहेच. मर्यादा दोनशेची असो वा हजाराची, यादी तीच. शिवाय ७०० रुपयांच्या बाबतीत वाटत सुटण्याचा प्रश्नच कुठे येतो? तिथे मर्जी नाहीच. दोन तारखांची वजाबाकी गुणिले शंभर. ती एजंटनेही करायची गरज नाही, मशीनने करावी. जे मशीन दहा तारखेला रात्री बारा वाजून एक मिनिटाने ५९० कापू शकतं, त्याला नऊ तारखेला शंभर रुपये जमा करता येत नाहीत हे मला कोणी पटवून द्या.

आणि दुसरा आक्षेप, जो आमच्याच लोकांचा असतो: काही माणसं कितीही अधिकार दिला तरी मॅनेजरच मागणार. खरं आहे. काहींना काम नको असतं, मान हवा असतो. काही माझा आवाज ऐकून म्हणतात, "बाई नको, एखादा पुरुष माणूस द्या." त्यांना मी माझ्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा देते, आणि तो मलाच विचारून उत्तरं देतो. :-) काही शिव्या देतात. तिथे मात्र माझं मत पक्कं आहे. दोनदा इशारा, मग फोन बंद, आणि तो निर्णय एजंटचा, माझ्या परवानगीची वाट न बघता. बावीस वर्षांच्या मुलीने घाणेरडं बोलणं ऐकत मी मोकळी होईपर्यंत थांबायचं, हा नियम ज्याने केला त्याने एक शिफ्ट हेडसेट घालून बसावं. पण अशी माणसं थोडी. माझ्याकडे येणारे बहुतेक सुप कॉल हे काकांसारखे असतात. मागणी रास्त, पुरावा स्क्रीनवर, अधिकार दुसऱ्याकडे.

म्हणून आत्या, मामा आणि पंगतीतले व्याख्याते, तुम्हाला एक विनंती. ओरडू नका असं मी म्हणत नाही, तुमचा घसा. पण 'मॅनेजरला दे' ऐवजी पहिल्याच कॉलवर तक्रारीचा क्रमांक मागा आणि तारीख लिहून ठेवा. चार्ज लागला असेल तर "हा परत करायची तुमची मर्यादा किती आणि त्यापुढे कोणाची" असं सरळ विचारा. या प्रश्नाने आमची मुलं दचकतात, कारण हा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि मग लगेच हात वर करतात. एटीएमचं प्रकरण असेल तर 'पाच दिवसांनंतरचे रोजचे शंभर' हे शब्द उच्चारा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. माझ्या वर बँकेचे नोडल ऑफिसर असतात, त्यांचं नाव-पत्ता बँकेच्या वेबसाइटवर असतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तिथे तुमचा आवाज किती चढला होता हे कोणी विचारत नाही. तारखा विचारतात.

आणि माझ्या मुलाचं काय झालं, असं परवा बहिणीने विचारलं. त्याच्या गुणपत्रिकेवरचं एस्कलेशन मी लेखी हरकत घेऊन काढून घेतलं. कारण लिहिलं, 'एजंटला अधिकार नव्हता.' ते मान्य झालं. मग मी विचारलं, जर अधिकार नव्हता हे मान्य आहे, तर या महिन्यातले असे सगळेच सुप कॉल काढा. त्या मेलला उत्तर आलं की याची नोंद घेतली आहे आणि योग्य त्या विभागाकडे पाठवलं आहे. मी क्रमांक मागितला आहे. सोमवारी पुन्हा मेल करणार आहे, या वेळी मॅनेजरच्या मॅनेजरला सीसीमध्ये ठेवून.